एकच व्हिडिओ, दोन मेटाडेटा: बाथरूम साफसफाईच्या व्हिडिओसाठी कोणता निवडाल?

आमच्या ओळखीच्या एका ताईंचं यूट्यूबवर घरकामाचं छोटं चॅनेल आहे. त्यांचा नऊ मिनिटांचा नवा व्हिडिओ तयार होता. पहिल्या भागात बोअरच्या पाण्याने टाइल्सवर साचलेले पांढरे डाग लिंबूसताने, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडने, काढले आहेत. दुसऱ्या भागात टाइल्सच्या फटींतली काळी बुरशी ब्लीचने घालवली आहे. शीर्षक, वर्णन आणि टॅग यांचा एक संच त्यांच्या मुलाने लिहिला होता, दुसरा मी. कोणता टाकायचा, असं ताईंनी विचारलं. असाच व्हिडिओ तुम्ही टाकणार असाल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

मुलाचं शीर्षक असं:

```
बाथरूम ५ मिनिटांत चकाचक! हे दोन मिसळा, जादू बघा
```

माझं पहिलं शीर्षक असं:

```
टाइल्सचे पांढरे डाग आणि फटींतली बुरशी | ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र वापरू नका
```

मुलाच्या शीर्षकावर जास्त लोक टिचकी मारतील, हे मी आधीच कबूल केलं. शिवाय ते खोटंही नाही. त्यातले ‘हे दोन’ म्हणजे लिंबूसताचं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. ही जोडी निरुपद्रवी आहे आणि डागांवर चालतेही. अडचण वेगळीच आहे. शीर्षक वाचणारे सगळे व्हिडिओ पूर्ण बघत नाहीत. ज्याच्या मनात फक्त ‘दोन मिसळा’ उरलं, तो घरात जे दोन सापडेल ते मिसळेल. आणि याच व्हिडिओत चार मिनिटांनी ब्लीचची बाटली दिसते. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तर घातक आहेच, पण स्वयंपाकघरातलं म्हणून साधंसुधं वाटणारं लिंबूसत आणि व्हिनेगरही ब्लीचच्या बाबतीत आम्लच. खिडकी बंद असलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये डोळे चुरचुरायला, घसा धरायला आणि छाती भरून यायला वेळ लागत नाही.

मग माझं शीर्षक सरस म्हणायचं का? मलाही तसंच वाटलं होतं. मोबाइलवर यादीत बघितलं तेव्हा लाज वाटली. शीर्षक १०० अक्षरांच्या मर्यादेत होतं, पण पडद्यावर अर्ध्यातच तुटत होतं, आणि दिसत होतं ते असं: ‘…ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र…’. मराठीत ‘नका’ वाक्याच्या शेवटी येतो आणि नेमका तोच कापला गेला. सावधगिरीची सूचना बघता बघता कृती झाली! मुलाच्या शीर्षकात निदान ब्लीचचं नाव तरी नव्हतं.

शेवटी दोन्ही बाजूला ठेवून हे घेतलं:

```
टाइल्सचे पांढरे डाग, फटींतली बुरशी: वेगवेगळ्या दिवशी साफ करा
```

यात नकारच नाही, त्यामुळे कुठेही तुटलं तरी अर्थ उलटत नाही. शिवाय ‘वेगवेगळ्या दिवशी का?’ हा प्रश्न पडतो आणि माणूस आत येतो. मुलाला हवी होती तेवढी ओढ त्यात आहे, एवढं त्यानेही मान्य केलं.

थंबनेललाही हाच नियम लावला. मुलाने दोन बाटल्या, मध्ये अधिक चिन्ह आणि उजव्या कोपऱ्यात खाली छोटी लाल फुली, असं चित्र केलं होतं. पण त्याच कोपऱ्यावर यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं. फुली झाकली गेली की उरतो फक्त अधिक. त्याऐवजी आम्ही एकाच बाटलीचा फोटो ठेवला. यूट्यूबवर दोन-तीन थंबनेल टाकून चाचणी घेता येते खरी, पण ती बघण्याचा वेळ मोजते. कुणी काय मिसळलं ते मोजत नाही. त्यामुळे अधिक चिन्हाचं चित्र आम्ही चाचणीलाही लावलं नाही.

वर्णनात फरक आणखी मोठा होता. वर्णनाला ५,००० अक्षरांची मुभा आहे, म्हणून मुलाने सूचना शेवटी ढकलली होती: ‘रसायने वापरताना योग्य ती काळजी घ्या.’ दोन गोष्टी चुकल्या. एक तर ‘आणखी’वर टिचकी मारल्याशिवाय सुरुवातीच्या ओळींपलीकडचं दिसत नाही. दुसरं म्हणजे ही ओळ वाचून कुणालाच काही कळत नाही. कोणतं रसायन, कशासोबत? माझ्या मसुद्यात सूचना वर होती, पण तीही अपुरी निघाली, कारण मी फक्त ‘मिसळू नका’ लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, “अहो, बादलीत कोण मिसळतंय? बायका आधी एक ओततात, डाग गेला नाही की त्यावर दुसरं.” बरोबर होतं त्यांचं. कमोडमध्ये किंवा फरशीवर एकावर एक ओतणं हेही मिसळणंच, पण ‘मिसळणे’ म्हटलं की डोळ्यांपुढे बादली आणि काठी येते. मग पहिल्या ओळी अशा झाल्या:

```
ओतू नका एकावर एक: ब्लीच आणि लिंबूसत, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर.
विषारी वायू सुटतो. एक वापरून भरपूर पाण्याने धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी.
वास झोंबला तर काहीही न ओतता बाहेर मोकळ्या हवेत या. त्रास थांबला नाही तर ११२.
```

‘काहीही न ओतता’ हे मुद्दाम घातलं. वास आला की त्यावर आणखी काहीतरी ओतून ‘मारायची’ सवय असते. एक गोष्ट आम्ही मुद्दाम गाळली: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. ही जोडी विषारी नाही, फक्त एकमेकांचा जोर मारते. बाटलीत बंद करून ठेवली तरच वायूच्या दाबाने झाकण उडतं. तिला ब्लीचच्या पंक्तीला बसवलं तर खऱ्या धोक्याचं गांभीर्य जातं. त्याउलट टॉयलेट क्लीनरबद्दल एक ओळ वाढवली, कारण सगळे आम्लाचे नसतात. काहींत ब्लीचच असतं. बाटलीचा रंग किंवा आकार सांगत नाही, मागचं लेबल सांगतं.

चॅप्टरमध्ये मुलाचा मुद्दा पटला. मी सावधगिरीचा वेगळा चॅप्टर सुरुवातीला ठेवला होता. तो म्हणाला, “लोक तोच वगळून थेट बुरशीवर जातील.” बरोबर. म्हणून सूचना चॅप्टरच्या नावातच शिरली. पहिली वेळ ००:०० आणि निदान तीन चॅप्टर असले की यूट्यूब ते दाखवतं, त्यामुळे चार पुरेसे झाले:

```
00:00 दोन डाग, दोन औषधं
01:10 पांढरे डाग: फक्त लिंबूसत
04:50 आज थांबा, फरशी धुवा
05:40 काळी बुरशी: फक्त ब्लीच, खिडकी उघडी
```

टॅगवर फार वेळ घालवला नाही. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो आणि उपयोग मुख्यतः वेगळ्या स्पेलिंगपुरता. मराठी माणूस रोमनमध्ये टाइप करतो, म्हणून `tiles che dag`, `bathroom safai marathi` एवढे घातले. मुलाच्या यादीतला `bleach acid mix` मात्र काढला. तो शब्द शोधणारा माणूस ते दोन्ही एकत्र करायच्या तयारीत असेल, असं मला वाटलं. मुलगा म्हणाला, “मग त्यालाच तर आपला व्हिडिओ दिसायला हवा ना!” यावर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. टॅग परत घातला.