टेलिग्राम चॅनेलवाले ब्रेकआऊटचा कॉल देऊन स्वतःचाच माल आपल्या गळ्यात मारतात, आणि मग "ट्रॅप शिकवतो" म्हणून परत पैसे घेतात

मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण हे एकदा नाही दोनदा फसवतात, आणि दुसऱ्यांदा फसवतात तेव्हा माणसाला वाटतं की आता आपण शहाणे झालो. चॅनेलचं नाव लिहीत नाही, तक्रार केलेली आहे, आणि नाव सांगून उपयोगही नाही कारण ही मंडळी नाव बदलून परत चालू करतात. पद्धत ओळखता आली पाहिजे.

टेलिग्रामवरचं फुकट चॅनेल होतं, मराठीतच बोलायचे, रोज संध्याकाळी एकदोन चार्ट टाकायचे. एक मिडकॅप शेअर होता, फ्युचर्स ऑप्शनमध्ये नसलेला. जवळपास महिनाभर 412 ते 428 मध्येच फिरत होता, 428 ला गेला की विकला जायचा, 412 ला आला की उचलला जायचा. यांनी रात्री चार्ट टाकला, 428 वर जाड लाल रेघ आणि खाली "उद्या 428 तुटलं की 445, 460, एसएल 420". सकाळी शेअर 424 ला उघडला, साडेनऊनंतर 428 तुटला आणि लगेच चॅनेलवर मेसेज, "ब्रेकआऊट डन, घ्या". मी 500 शेअर 429.40 ला घेतले. भाव 433.60 पर्यंत गेला आणि साडेनऊ ते पावणेदहाची ती 15 मिनिटांची कँडल, म्हणजे चार्टवरची तेवढ्या वेळाची काडी, बंद झाली तेव्हा भाव होता 426.80. म्हणजे बाहेर जाऊन परत रेंजच्या आत. पुढची कँडल 421 ला बंद. चॅनेलवर विचारलं तर सर म्हणाले, "घाबरू नका, रीटेस्ट आहे, होल्ड करा". एसएल म्हणजे स्टॉपलॉस, तोटा थांबवायला बाहेर पडायचा ठरलेला भाव, त्याबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी 411 ला विकून बाहेर पडलो, ब्रोकरेज सोडून 9,200 रुपये गेले.

इथपर्यंत मी नशीब म्हणालो असतो. पण सांगलीचा एक ओळखीचा मुलगा त्यांच्याच पैसे भरून घ्यायच्या प्रीमियम ग्रुपमध्ये होता, त्याने स्क्रीनशॉट पाठवला. "दादा, आम्हाला तर हा शेअर गेल्या आठवड्यात 414 ला घ्यायला सांगितला होता, आणि आज सकाळी मेसेज होता की 429 च्या वर मिळेल तिथे सगळा माल काढा." वेळ बघितली, आमच्या "घ्या" च्या दोन मिनिटं आधीची. म्हणजे फुकट चॅनेलवाल्यांना घ्यायला लावायचं आणि त्याच भावाला प्रीमियमवाल्यांचा, आणि त्यांच्या आधी कुणाचा असेल त्याचा, माल खपवायचा. सेबीने ज्या टेलिग्रामवाल्यांवर कारवाई केली त्यांच्यातही हाच प्रकार निघालाय, आधी स्वतः घ्यायचं, मग लोकांना घ्या म्हणायचं, लोक घेत असताना आपण विकायचं.

आता हे बरोबर रेंजच्या टोकालाच का करतात ते समजून घ्या, खरी गोष्ट तिथेच आहे. या शेअरमध्ये एरवी 15 मिनिटांत 30-40 हजार शेअर फिरायचे. कुणाकडे दोनतीन लाख शेअर असतील आणि तो सरळ विकायला बसला तर त्याच्याच विक्रीने भाव पडेल. त्याला एकाच वेळी भरपूर घेणारे पाहिजेत. ते कुठे सापडतात? 428 च्या थोडं वर. ज्यांनी 428 च्या खाली शॉर्ट केलंय, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायचा बेत केलाय, त्यांचे स्टॉपलॉस तिथे लागलेले असतात, आणि शॉर्टचा स्टॉपलॉस म्हणजे खरेदीच. ब्रेकआऊटवाल्यांच्या ट्रिगर लावून ठेवलेल्या ऑर्डरी पण तिथेच, आणि त्यात आमच्यासारखे चॅनेलवाले. त्या एका कँडलमध्ये 4 लाखाच्या वर व्हॉल्यूम झालं आणि एवढं सगळं होऊन भाव रेंजच्या वर टिकला नाही. भरमसाठ खरेदी होऊनही भाव वर जात नाही म्हणजे समोर कुणीतरी तेवढंच किंवा जास्त विकतोय, याला दुसरा अर्थ नाही. ही चाल काही टेलिग्रामवाल्यांनी शोधलेली नाही, वायकॉफ नावाच्या अमेरिकन ट्रेडरने जवळपास शंभर वर्षांपूर्वी यावर लिहून ठेवलंय, वरच्या बाजूला झालं तर अपथ्रस्ट आणि खालच्या बाजूला झालं तर स्प्रिंग म्हणतात.

आता दुसरी फसवणूक. आठवड्याभरात त्याच चॅनेलवर त्याच शेअरचा चार्ट आला, 433.60 च्या टोकाला बाण आणि वर लिहिलेलं "बघा ट्रॅप कसा झाला, आमचे विद्यार्थी इथे शॉर्ट होते". आमचा "घ्या" वाला मेसेज उडवलेला. आणि खाली ऑफर, फेल्ड ब्रेकआऊटचा कोर्स, 14,999 रुपये, ज्यांचा लॉस झालाय त्यांना सूट, 90 टक्के अॅक्युरसी. ज्याने खड्ड्यात घातलं तोच दोर विकायला आला, आणि माझ्या ओळखीतल्या लोकांनी तो घेतला, कारण चार्टवर दिसणारं खोटं नव्हतंच, ट्रॅप खरंच झाला होता.

त्या कोर्समध्ये जे शिकवतात ते मी दोघांकडून ऐकलं आणि त्यांच्या नोट्स बघितल्या. "रेंजच्या बाहेर गेलेला भाव परत आत शिरला की लगेच उलटा ट्रेड घ्या, एसएल रेंजच्या टोकाच्या रुपयाभर वर." ऐकायला भारी वाटतं, एसएल छोटा दिसतो, टार्गेट मोठं. पण यात दोन ठिकाणी माणूस मरतो.

पहिलं म्हणजे "लगेच". कँडल चालू असताना भाव 428 च्या वर खाली दहा वेळा जातो, खरा ब्रेकआऊट पण टिकण्याआधी असाच हेलकावे खातो. कँडल आत बंद होईपर्यंत थांबायलाच पाहिजे, 15 मिनिटांवर बघत असाल तर 15 मिनिटांची, डेलीवर बघत असाल तर डेलीची. मधेच 5 मिनिटांवर उडी मारून "झाली आत बंद" म्हणायचं नाही. दुसरं एसएल. 429 ला एसएल ठेवला तर तो परत त्याच गर्दीत ठेवला, नेमक्या त्याच जागी जिथे माल खपवणारा गिऱ्हाईक शोधायला पुन्हा एकदा भाव नेऊ शकतो. एसएल त्या फसलेल्या चालीच्या टोकाच्या वरच पाहिजे, इथे 433.60 च्या वर, समजा 434.20.

मग हिशोब कसा बदलतो बघा. कँडल 426.80 ला बंद झाली, शॉर्ट 426.50 ला मिळाला धरा. एसएल 434.20 म्हणजे एका शेअरला 7.70 रुपये रिस्क. रेंजचं दुसरं टोक 412, म्हणजे मिळकत 14.50. दुपटीच्या पण खाली, चार्जेस वेगळे. एका ट्रेडला 3,000 च्या वर घालवायचे नाहीत असं ठरवलं तर 389 शेअर येतात, त्याच्या वर एक नाही. कोर्सवाला मात्र 429 चा एसएल दाखवून "अडीच रुपये रिस्क, बारा चौदा रुपये टार्गेट" म्हणतो, आणि माणूस त्या हिशोबाने 1,200 शेअर शॉर्ट करतो. दोनतीन वेळा हेलकाव्यातच एसएल उडाला की महिन्याचं गणित संपलं. रेंजच्या मधे, 420 च्या आसपास, निम्मा माल काढून घेतलेला बरा असं माझं मत आहे, कारण सगळ्या फसलेल्या चाली दुसऱ्या टोकापर्यंत जात नाहीत, बऱ्याच मधेच थकतात.

आणि एक गोष्ट जी त्या नोट्समध्ये कुठेच नव्हती. हा उलटा ट्रेड चालतो कशाच्या जोरावर? वर अडकलेल्या लोकांच्या. 429 ते 433 मध्ये ज्यांनी घेतलं त्यांचे एसएल 424, 422, 420 ला असतात, ते तुटत जातात तसा भाव खाली जातो. म्हणजे वर किती लोक अडकले हेच बघायचं. रेंजच्या बाहेर व्हॉल्यूम जोरदार झालं आणि मग आत बंद झालं तर अडकलेले भरपूर. पण भाव नुसता सुस्तपणे दीड रुपया वर गेला, व्हॉल्यूम रोजच्यासारखंच, आणि परत आत आला तर तिथे अडकलंय कोण? कुणीच नाही. असा शॉर्ट मधेच लटकतो आणि दुपारनंतर खरा ब्रेकआऊट येतो. मी जुने चार्ट मागे ओढून बरेच बघितले, आत बंद झाल्यावर पुन्हा एकदा बाहेर बंद होऊन टिकलेले भरपूर सापडतात, ते कोर्सच्या चार्टमध्ये कधीच नसतात. म्हणून पुढची कँडल परत 428 च्या वर बंद झाली तर 434 ची वाट बघत बसू नका, ज्या कारणाने शॉर्ट केलं ते कारणच गेलं, बाहेर पडा. रिझल्टच्या दिवशी, किंवा निफ्टी सकाळपासून एकतर्फी चढत असताना पण या वाटेला जाऊ नका.

छोट्या शेअरमध्ये अजून एक धोका आहे. कॅशमध्ये शॉर्ट फक्त इंट्राडे करता येतो, सव्वातीनच्या आसपास ब्रोकर स्वतःच पोझिशन कापायला लागतो. पण शेअरला 5 टक्के किंवा 10 टक्क्यांचं सर्किट असेल आणि तुम्ही शॉर्ट असताना तो अप्पर सर्किटला लागला तर विकणाराच नसतो, शॉर्ट कापता येत नाही, मग ऑक्शनमध्ये जातो आणि तिथला भाव तुमच्या हातात नाही, एसएल लावलेला असून उपयोग नाही. चॅनेलवाल्यांचे आवडते शेअर नेमके असलेच असतात. उलटा ट्रेड घ्यायचाच असेल तर एफअँडओमधल्या शेअरमध्ये घ्या, तिथे असं फिक्स सर्किट नसतं आणि माल पण भरपूर फिरतो.

तुमच्यासोबत असं झालं असेल तर आधी पुरावा गोळा करा, आजच करा. टेलिग्रामवर उडवलेला मेसेज मागे काही ठेवत नाही. वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पैसे कुठल्या यूपीआयला गेले ते बँकेच्या स्टेटमेंटमधून काढा, आपल्या काँट्रॅक्ट नोट जोडा. त्यांनी रजिस्ट्रेशन नंबर दिला असेल तर तो सेबीच्या वेबसाइटवर शोधा, रिसर्च अॅनालिस्टचा नंबर INH ने सुरू होतो, आणि नुसता नंबर खरा आहे म्हणून थांबू नका, त्या नंबरसमोरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव एकच आहे का बघा. आमच्या केसमध्ये नंबर खरा निघाला, पण भलत्याच माणसाचा. नोंदणी असेल तर तक्रार scores.sebi.gov.in वर जाते, पैसे उकळले असतील तर 1930 ला फोन आणि cybercrime.gov.in वर पण टाका. त्या सांगलीच्या मुलाचे प्रीमियम ग्रुपचे स्क्रीनशॉट पण मी माझ्या तक्रारीला जोडलेत, दोन्ही मेसेजच्या वेळा शेजारी शेजारी लावून. कुणाकडे अशाच दोन बाजूंचे मेसेज असतील तर तेही तसेच वेळेसकट जोडा, नुसता "लॉस झाला" लिहून काही सिद्ध होत नाही, दोन मिनिटांचा तो फरक दाखवता आला पाहिजे.