मुलाच्या 'ऐकण्याच्या' नावावर माझे 40,600 रुपये गेले

आमचं चोपडा तालुक्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे. कपाशीच्या हंगामात दिवसाला पन्नास शेतकऱ्यांना मी एकच सांगतो, "दादा, पाकिटाची मागची बाजू वाचा." लॉट नंबर, उगवण किती टक्के, तपासणी कधीची, सगळं तिथं असतं. आणि मी स्वतः काय केलं? पोराच्या रिपोर्टची मागची बाजू न बघता पैसे मोजले. नातेवाईक अजून हसतात, हसू द्या. पण दुसरं कुणी यात पडू नये म्हणून सगळं लिहितोय.

मुलगा पहिलीत, इंग्रजी माध्यम. वय तेव्हा 6 वर्षं 4 महिने. शाळेची तक्रार एकच, "सांगितलेलं ऐकत नाही, दोनदा-तीनदा सांगावं लागतं." शाळेतच शिबिर लागलं, फी 300 रुपये. हेडफोन लावून टूं-टूं आवाज ऐकवले, कान चांगले निघाले. मला वाटलं, सुटलो. तर तिथली बाई म्हणाली, "कान चांगले आहेत हाच तर प्रॉब्लेम आहे. कान ऐकतो, मेंदू ऐकत नाही. वेळेत नाही केलं तर दहावीपर्यंत असंच चालेल." आता सांगा, दहावीचं नाव काढल्यावर कुठला बाप हो म्हणणार नाही? मी काही अडाणी नाही, बी.कॉम. आहे. पण भीती घातली की डिग्री बाजूला राहते.

पुढच्या रविवारी जळगावला त्यांच्या सेंटरवर 'सविस्तर चाचणी', 4,500 रुपये. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द सोडायचे आणि पोरानं दोन्ही म्हणून दाखवायचे. निकाल आला, उजवा कान 60 टक्के, डावा 35. त्यावरून सांगितलं की मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाचं कनेक्शन कमजोर आहे. औषध काय, तर गाळलेलं संगीत, म्हणजे काही सूर काढून टाकलेली गाणी, ऐकवायचं. अर्ध्या अर्ध्या तासाच्या 20 बैठका, 24,000 रुपये. घरी वापरायचा खास हेडफोन 11,800 रुपये. एसटीचं भाडं आणि बुडालेला धंदा धरतच नाही.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी तो सांगतो. चाचणी करून परत येताना एसटीत पोरगं म्हणालं, "पप्पा, मी 'तीन' म्हनलं तर त्या बाईनं फुली मारली." मी त्यालाच झापलं, "लक्ष देऊन ऐकत नाहीस म्हणून मारली." नंतर भांडून उत्तरपत्रिका मिळवली तेव्हा कळलं. रेकॉर्डिंग परदेशी उच्चारातलं इंग्रजी. शब्द होता 'थिन', म्हणजे बारीक. पोरानं जवळजवळ बरोबर ऐकलं होतं. त्याच्या डोक्यात तो शब्दच नव्हता, म्हणून ओळखीचा 'तीन' बाहेर आला. अशा पाच-सहा फुल्या त्याच जातीच्या. घरात अहिराणी, गल्लीत मराठी, आणि इंग्रजी जेमतेम वर्षभराचं. ही कानाची परीक्षा होती की इंग्रजीची? एवढी साधी गोष्ट सहा वर्षांच्या पोरानं एसटीत सांगितली आणि बापाला कळली नाही.

आणि रिपोर्टच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ. ही प्रमाणं 7 वर्षं आणि त्यापुढच्या मुलांसाठी. माझा पोरगा सहाचा. पाकिटाची मागची बाजू!

बैठका संपल्यावर पुन्हा चाचणी घेतली. डावा कान 35 वरून 45. पेढे वाटायचे बाकी होते. शब्दांची यादी तीच होती, 20 शब्दांची. म्हणजे दोन शब्द जास्त. तीच यादी दुसऱ्यांदा ऐकल्यावर दोन शब्द कुणीही जास्त सांगेल. मग म्हणे लेव्हल दोन घ्या, 28,000. तिथं बायकोनं हात धरला म्हणून वाचलो.

शेवटी साल्याच्या ओळखीनं मुंबईला एका सरकारी संस्थेत दाखवलं. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ मॅडमनी हेडफोन हातात घ्यायच्या आधी अर्धा तास नुसतं विचारलं. सर्दी किती वेळा होते, बोलायला कधी लागला, घरात कोण कुठली भाषा बोलतं, झोप कशी. शाळेच्या बाईंसाठी वेगळा प्रश्नांचा कागद. मग कानात हवेचा दाब देऊन पडद्यामागे पाणी नाही ना ते बघितलं. लहान पोरांत सर्दीनंतर ते साचतं, काही आठवडे कमी ऐकू येतं आणि आपोआप बरंही होतं. शिबिरात हे कुणी बघितलंच नव्हतं. मग भाषेची तपासणी. माझ्या आईला म्हणाल्या, तुमच्या बोलीत तीन कामं एका दमात सांगा. आई म्हणाली, "तो तांब्या ले, पानी भर, नि बाबाले दे." पोरानं तिन्ही केली. तेवढीच लांब सूचना इंग्रजीत दिली तर पहिल्या कामावरच थांबला.

डाव्या कानाचं त्यांनी हसून सांगितलं. उजव्या कानातलं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणजे बहुतेकांच्या भाषेच्या बाजूला, जास्त थेट पोचतं. त्यामुळे लहान पोरांत या चाचणीत डावा कान मागेच असतो, वयाबरोबर फरक कमी होतो. रोग म्हणायचा तर त्याच वयाच्या, त्याच भाषेच्या मुलांशी तुलना पाहिजे, आणि एक नाही, निदान दोन चाचण्यांत पोरगं खूप मागे पाहिजे. सगळ्याच चाचण्यांत सारखंच मागे असेल, तर आधी लक्ष आणि भाषा बघायची.

असा त्रास नसतोच, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. काही मुलांना गोंगाटात बोलणं खरंच उलगडत नाही, पण त्याला वेगळ्या आजाराचं नाव द्यायचं का, यावर तज्ज्ञांतही वाद आहे आणि सात वर्षांच्या आत शिक्का मारायचा नाही. सध्या पुढच्या बाकावर बसवा, पंख्याच्या आणि खिडकीच्या गोंगाटापासून लांब. सूचना तोडून द्या, गोष्टी मराठीत भरपूर सांगा, वर्षभरानं या. गाळलेल्या संगीताबद्दल विचारलं तर म्हणाल्या, त्यानं काही होतं असा भरवशाचा पुरावा नाही, आणि अमेरिकेतल्या ऑडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं 2004 मध्येच तसं लिहून ठेवलंय.

आता तक्रारीची गंमत. शाळा म्हणाली, आम्ही फक्त हॉल दिला. पोलीस ठाण्यात म्हणाले, "तुम्ही सही केली ना? हे दिवाणी आहे." आरोग्य खात्यात साहेबांनी कागद उलटासुलटा केला, "मुलाला ऐकू येतंय ना? मग तक्रार कशाची?" अहो, ऐकू येतंय हीच तर तक्रार आहे! तीन चकरा मारल्या, चौथ्यांदा साहेब रजेवर. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला तर पक्कं बिल मागितलं, माझ्याकडे वहीतली फाडलेली पावती. पक्कं बिल घ्या, भले जास्त पैसे लागोत. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, तो नंबर आधी मागा आणि ऑनलाइन तपासा. सेंटरवाल्या बाईच्या भिंतीवर कसल्याशा कोर्सचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं, नंबर नव्हता. मी सोनेरी फ्रेम बघितली.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांच्या आतल्या रकमेला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील म्हणतो, बघू.

परवा धुळ्याच्या पाहुण्यांनी मोबाईलवर पत्रक पाठवलं, त्यांच्या पोरीच्या शाळेत शिबिर आहे, जायचं का. सेंटरचं नाव नवीन, खालचा फोन नंबर तोच. फी आता 500 केलीये.