नव्या सीझनचा ट्रेलर: क्लिपा जोडायच्या की गोष्ट अर्ध्यावर सोडायची?

पॉडकास्टच्या नव्या सीझनचा ट्रेलर लिहायचे दोन रस्ते मी वापरून पाहिलेत. एक, भागांतल्या चटकदार क्लिपा निवडून मध्ये दोन-चार ओळींचं निवेदन घालायचं. दुसरा, होस्टने एकच प्रसंग सांगायला घ्यायचा आणि अडचणीच्या जागी थांबायचं.

क्लिपांचा फायदा उघड आहे. वेगवेगळे आवाज कानावर पडतात, सीझनचा आवाका कळतो. दर भागात नवा पाहुणा असेल तर मीही बहुधा हाच रस्ता धरेन.

पण एकच गोष्ट भागाभागांतून उलगडणारी असेल, तर क्लिपांची एक खोड फार छळते: सगळ्यात जोरदार वाक्य हे हमखास कशाचं तरी उत्तर असतं. आमचा सीझन एका गोदामाच्या आगीवर होता. रखवालदाराच्या मुलाखतीतलं सोनं म्हणजे हे वाक्य: “दुसरी किल्ली माझ्याकडेच होती.” ते ट्रेलरमध्ये टाकलं तर पाचवा भाग तिथेच संपला. वगळलं तर उरतं “ती रात्र मी विसरू शकत नाही”, जे कुठल्याही पॉडकास्टमध्ये खपेल. शिवाय बोलणारा कोण हे सांगण्यातच निवेदन खर्ची पडतं.

मग मी निवेदन असं लिहिलं: “गोदामाला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ल्या दोनच. एक मालकाच्या कपाटात सापडली.” पुढे सीझनचं नाव, तारीख, बस. यातली सगळी माहिती पहिल्या भागातलीच आहे, त्यामुळे फुटलं काहीच नाही. तरी दुसऱ्या किल्लीचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. “मग ती कुणाकडे होती?” असं मी मुद्दाम विचारलं नाही, विचारलं की ते जाहिरातीसारखं वाटतं. (“थरारक”, “धक्कादायक” ही विशेषणंही त्याच कारणाने गेली.)

माझ्या वाचण्याच्या वेगाने मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणून दीड मिनिटाच्या ट्रेलरसाठी मी दीडशेच्या आसपास शब्द लिहितो. बाकी जागा थांबण्याला आणि संगीताला. क्लिपांच्या ट्रेलरमध्ये हा हिशोब माझ्या हातात राहत नाही, बोलणारा बोलतो तेवढा वेळ जातोच.

निवेदनाची एक अडचण मात्र खरी आहे. होस्टचा आवाज सपाट असेल तर हा ट्रेलर अगदीच पडतो. अशा वेळी मी एखादी क्लिप घेतो, पण माहिती नसलेली: प्रश्न विचारल्यावर रखवालदार म्हणतो, “हे रेकॉर्ड होतंय का?” तेवढंच. उत्तर कापायचं.

कोणताही रस्ता धरलात तरी फीडमध्ये ट्रेलर साधा भाग म्हणून चढवू नका. सीझनचा क्रमांक द्या आणि प्रकार असा ठेवा:

```
<itunes:episodeType>trailer</itunes:episodeType>
```