जुन्या तारखेचा डॉलरचा भाव: एफबीआयएल, स्टेट बँक, कस्टम्स की अमेरिकी फेड?

समजा, तुमच्याकडे अमेरिकी कंपनीचे शेअर आहेत आणि 15 एप्रिल 2024 ला त्यांचा 400 डॉलर लाभांश जमा झाला. अमेरिकेत 25 टक्के म्हणजे 100 डॉलर कर कापला गेला, हातात 300 आले. आता हे रुपयांत दाखवायचंय. बहुतेक जण गूगलवर ती तारीख टाकतात, जो आकडा दिसेल तो घेतात आणि गुणाकार करून मोकळे होतात. गुणाकार बरोबर असतो, पण आकडा चुकीच्या दारातून आलेला असतो.

जुन्या तारखेचा ‘खरा’ भाव असा एकच नसतो. कागद कोणाकडे जाणार आहे त्यावर दर ठरतो. त्यामुळे आधी नियम वाचायचा आणि मग आकडा शोधायचा. आयकरासाठी तो नियम म्हणजे 1962 च्या आयकर नियमांमधला नियम 115. तो तीन गोष्टी ठरवून देतो: बँक स्टेट बँक, दर टीटी बाइंग म्हणजे बँकेचा डॉलर खरेदीचा, आणि लाभांशासाठी तारीख आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. म्हणजे 15 एप्रिलचा भाव कितीही अचूक मिळवलात तरी इथे त्याचा उपयोग नाही, लागतो तो 31 मार्चचा. परदेशी कराची वजावट घेताना नियम 128 लागतो. तोही कर ज्या महिन्यात कापला त्याच्या आदल्या महिन्याचा शेवटचा दिवसच धरतो, म्हणून आपल्या उदाहरणात दोन्हीकडे तारीख एकच येते. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा त्यापुढच्या वर्षांसाठी नियमाचा क्रमांक आणि मजकूर नव्याने तपासून घ्या.)

उत्पन्नाचा प्रकार बदलला की तारीखही बदलते. परदेशी बँकेतल्या साध्या ठेवीवरचं व्याज ‘इतर उत्पन्ना’त जातं आणि त्याला आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस लागतो. परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये तर हिशोब कॅलेंडर वर्षाचा असतो, त्यामुळे अखेरच्या शिलकीला 31 डिसेंबरचा दर. एकाच माणसाच्या एकाच विवरणपत्रात तीन तारखांचे तीन दर असणं अगदी स्वाभाविक आहे. सगळीकडे एकच दर दिसला, तर उलट तेच तपासून पाहावं.

आता 31 मार्च 2024 चीच अडचण बघा. तो रविवार होता आणि 29 तारखेला गुड फ्रायडे. रिझर्व्ह बँकेचा म्हणून ओळखला जाणारा संदर्भ दर 10 जुलै 2018 पासून एफबीआयएल ही संस्था काढते, आणि तिचा त्या महिन्यातला शेवटचा दर 28 मार्चचा आहे: 83.3739. काही संकेतस्थळं 31 मार्चसमोरही आकडा दाखवतात. बाजार बंद असताना तो आला कुठून? बहुतेक वेळा मागचाच पुढे ओढलेला असतो. स्टेट बँकेच्या दराबाबत नियम 115 सुटीच्या दिवसाचं काही सांगत नाही. रूढ पद्धत अशी की त्याआधी बँकेने दर जाहीर केलेला शेवटचा दिवस घ्यायचा, आणि तसं घेतल्याचं कागदावर लिहायचं.

एफबीआयएल आणि स्टेट बँक यांच्यात फरक का पडतो, हे एकदा कळलं की पुष्कळ गोंधळ मिटतो. एफबीआयएलचा डॉलरचा दर सकाळी 11.30 ते 12.30 या तासातली पंधरा मिनिटं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून, तेवढ्या वेळात आंतरबँक बाजारात प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांच्या सरासरीने काढतात. त्या दराने तुम्हाला कोणी डॉलर देत नाही की तुमच्याकडून घेत नाही. स्टेट बँकेचं कार्ड म्हणजे दुकानाचा दरफलक. त्यात टीटी बाय, टीटी सेल, बिल बाय, बिल सेल, ट्रॅव्हल कार्ड, नोटा असे वेगवेगळे रकाने असतात. टीटी बाय म्हणजे बँक तुमच्याकडून डॉलर विकत घेते तो भाव, म्हणून तो संदर्भ दरापेक्षा कमी असतो.

ओळखायची खूण इथेच आहे. एफबीआयएलचा दर चार दशांशांपर्यंत असतो, स्टेट बँकेचा दोन. त्याच दिवशीचा एफबीआयएल दर साधारणपणे स्टेट बँकेच्या टीटी बाय आणि टीटी सेल यांच्या मध्ये पडायला हवा. तुमचा ‘बाइंग’ दर संदर्भ दराच्या वर गेला असेल, तर बहुधा सेलचा रकाना वाचला गेलाय. रुपया-दोन रुपये खाली असेल, तर नोटांचा रकाना असण्याची शक्यता जास्त.

रकमेत किती फरक पडतो? उदाहरणापुरता टीटी बाय 82.90 धरू. पूर्ण 400 डॉलर दाखवायचे (हातात आलेले 300 नव्हे, ही चूक दराच्या चुकीपेक्षा महाग पडते), म्हणजे 33,160 रुपये. एफबीआयएलच्या दराने तेच 33,349.56 होतात. फरक 190 रुपयांच्या आत. एवढ्यासाठी डोकं का फोडायचं? रकमेपेक्षा सुसंगती महत्त्वाची आहे म्हणून. उत्पन्न एका दराने आणि परदेशी कर दुसऱ्या दराने धरला, तर दोन तक्ते जुळत नाहीत आणि चौकशी झाली की तिथेच बोट ठेवलं जातं.

तरीही लोक एफबीआयएलकडे वळतात, कारण तिथे जुने दर सहज मिळतात. स्टेट बँकेच्या `FOREX_CARD_RATES.pdf` या फाइलवर मात्र रोज नवी फाइल चढते आणि कालची जाते. दिवसातही दर बदलू शकतात. जुनी प्रत सीएकडे, वेब आर्काइव्हवर किंवा कोणी हौसेने जपलेल्या संग्रहात सापडते. बँकेच्या शाखेतून लेखी घेता आला तर सर्वांत उत्तम. खरंतर ज्यांना दर वर्षी हे लागतं त्यांनी महिनाअखेरीची पीडीएफ आपली आपण उतरवून ठेवावी.

आयातदाराला यातलं काहीच लागू नाही. त्याला सीमाशुल्क कायद्याच्या कलम 14 खाली जाहीर झालेला दर लागतो. तो महिन्यातून दोनदा ठरतो, आयातीचा वेगळा आणि निर्यातीचा वेगळा, आणि बिल ऑफ एंट्रीच्या तारखेला जो चालू असेल तो धरतात. मधल्या दिवसांत बाजार थोडाफार हलला तरी सहसा तोच.

आणि लेखासाठी, प्रबंधासाठी किंवा अमेरिकेतल्या कोणासाठी आकडा हवा असेल तर? फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, तिची `DEXINUS` ही रोजच्या दरांची मालिका चांगली आहे, पण तो न्यूयॉर्कच्या दुपारी बाराचा दर आहे. तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात. सुट्याही तिकडच्या, त्यामुळे एफबीआयएलशी तो जुळणार नाहीच. भारताविषयी लिहिताना मी रिझर्व्ह बँकेची मालिका घेईन आणि शेवटपर्यंत तीच धरून ठेवीन. जुन्या काळात शिरलात तर आणखी एक मेख आहे: मार्च 1992 ते फेब्रुवारी 1993 या काळात रुपयाचे अधिकृत आणि बाजारी असे दोन दर शेजारी शेजारी होते. त्या वर्षाचा नुसता ‘दर’ लिहिला तर कोणता, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

कागदावर उल्लेख साधारण असा करावा: ‘भारतीय स्टेट बँक, टीटी बाइंग, अमेरिकी डॉलर, लागू तारीख 31.03.2024 (सुटी), घेतलेला दर दि. __ चा, रु. __, कार्डाची प्रत सोबत.’ दर येनचा असेल तर तो 100 येनचा आहे हेही लिहा, नाहीतर उत्तर शंभर पटीने चुकतं.