ऑथेंटिकेटर ॲप असूनही १,८७,४०० रुपये गेले, कसे ते वाचा

आधीच सांगते, मी ओटीपी कुणाला फोनवर सांगितलेला नाही, त्यामुळे "एवढं पण कळत नाही का" वाले सल्ले नकोत. माझ्या गुंतवणुकीच्या खात्याला एसएमएस नव्हे, ऑथेंटिकेटर ॲपचा कोड लावलेला होता, म्हणजे सगळे जे लावा लावा म्हणतात तेच.

मेल आला की नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालंय, तुम्ही नसाल तर इथे थांबवा. लिंक, सेम टू सेम पान, पासवर्ड, मग सहा आकडे. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, मी टाकलेलं सगळं ते चोर त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकत होते.

पण माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीवरून. पान म्हणालं, "कोड चुकीचा आहे, पुढचा कोड येईपर्यंत थांबा." आणि मी शहाण्यासारखी थांबले! ॲपमधलं कोडची उरलेली वेळ दाखवणारं गोल अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं, कोड जिवंत होता, फोनचं घड्याळ ऑटोमॅटिक, मग चुकेल कसा? हा कोड कुठून येत नाही हो, फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला जो क्यूआर स्कॅन करतो त्यात एक गुप्त की असते, ती फोनकडे पण आणि सर्व्हरकडे पण. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते घ्यायचे, ३० ने भागायचं, बाकी सोडून द्यायची, तो आकडा आणि की एचमॅक नावाच्या गणितात घालायचे आणि उत्तरातून सहा आकडे काढायचे. सर्व्हर तेच गणित स्वतः करतो आणि जुळतं का बघतो. घड्याळ थोडं मागेपुढे असेल म्हणून बहुतेक ठिकाणी आधीच्या ३० सेकंदांचा कोडही चालवून घेतात. म्हणजे माझा पहिला कोड बरोबरच होता, त्याने ते आत शिरले होते. दुसरा हवा होता पैसे काढायच्या मंजुरीला, कारण एकदा चाललेला कोड सर्व्हरने परत घ्यायचा नाही असा नियम आहे. म्हणून मला थांबवलं! बरोबर टाकलेला ताजा कोड "चुकीचा" म्हणून परत आला की तिथेच टॅब बंद करा, दुसरा देऊच नका.

अजून एक, पासवर्ड मॅनेजरने त्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नव्हता. मला वाटलं ब्राउझर गंडलाय, मी कॉपी करून टाकला. तो भरत नव्हता कारण पत्ता वेगळा होता. आपण घाबरलेलो असताना पत्ता कोण अक्षर अक्षर वाचतं, पण मॅनेजर वाचतो, त्याचं ऐका.

आता सपोर्टवाल्यांचं ऐका. त्यांचं एकच पालुपद, "मॅडम, व्यवहार योग्य कोडने मंजूर झालाय, म्हणजे तो तुम्हीच केला." अरे, सहा आकडे जुळले यावरून एवढंच कळतं की गुप्त की असलेल्या फोनवरचा त्या वेळचा कोड कुणीतरी टाकला. कुणी टाकला, कुठल्या पानावर टाकला, हे त्या आकड्यांत कुठे लिहिलेलं असतं? कोडला साइटचं नावच माहीत नसतं, नकली पानावर दिला तरी तो तितकाच खरा. लॉगिन नव्या आयपीवरून, लगेच नव्या खात्यावर पूर्ण रक्कम, यात त्यांना काही खटकलं नाही. लॉगची प्रत मागितली तर "अंतर्गत माहिती". पोलिसांत गेले तर तिथला साहेब विचारतो, "मेसेज दाखवा ओटीपीचा." मेसेज येतच नाही साहेब, फोन विमानात नेटशिवाय पण कोड दाखवतो! तर म्हणे पुरावा नाही. बँक म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात कंपनीकडून लेखी आणा. फिरा.

मी घाईत आधी पासवर्ड बदलला, पण त्यांचं सेशन, म्हणजे आधीच झालेलं लॉगिन, चालूच राहिलं. "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" आधी दाबा, मग बाकीचं. आणि ऑथेंटिकेटर नव्याने जोडायची धडपड मी उगाच केली, एकदोन कोडवरून की काढता येत नाही. उलट क्यूआरचा स्क्रीनशॉट किंवा सेटअप की गेली तर मात्र पुढचे सगळे कोड त्यांचे, तेव्हा जुनी की रद्द करून नवीन घ्यावीच लागते. नंतर "पैसे परत मिळवून देतो" म्हणून एकाने नेमकं तेच मागितलं, ब्लॉक केला.

सोय असेल तिथे पासवर्डऐवजी चालणारी पासकी लावा, ती साइटच्या पत्त्याशीच बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही. आमच्या या थोर कंपनीकडे ती सोय नाही, विचारलं तर म्हणाले फीडबॅक नोंदवलाय.