तात्पुरता ईमेल, प्लस लावलेला की टोपणपत्ता? उत्तर कधी यायचंय त्यावर ठरवा

चोपड्याचा माझा भाचा केळीवाला. गेल्या ऑगस्टमध्ये त्याला कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या केळी लागवडीसाठी, टिश्यू कल्चरची रोपं हवी होती. एका रोपवाटिकेच्या संकेतस्थळावर जातींची माहितीपुस्तिका होती, पण ईमेल दिल्याशिवाय ती उघडेना. त्याने दहा मिनिटांचा तात्पुरता पत्ता घेतला आणि तिथे टाकला. मिनिटभरात लिंक आली, पीडीएफ उतरली. इथवर त्याचं काहीही चुकलं नाही.

चूक दुसऱ्या दिवशी झाली. त्याच संकेतस्थळावर चौकशीचा फॉर्म होता. पाच हजार रोपं हवीत, दर काय आणि सप्टेंबरच्या शेवटी मिळतील का, हे त्याने तिथे विचारलं. ब्राउझरने आदल्या दिवशीचा पत्ता आपोआप भरला होता आणि त्याने तो तसाच राहू दिला. मोबाइलचा रकाना ऐच्छिक होता, तो रिकामा सोडला. आठवड्याने अमळनेरला माझ्या डीटीपीच्या दुकानात येऊन म्हणाला, "मामा, त्यासना जबाब कथा गया?" त्यांचं उत्तर गेलं कुठे, असं विचारत होता.

आम्ही रोपवाटिकेला फोन लावला. तिथल्या ताईंनी सांगितलं, उत्तर तिसऱ्याच दिवशी पाठवलंय, दर आणि तारखेसकट. त्यांच्याकडे मेल परतही आला नव्हता. याचं कारण समजून घेतलं की बाकीची तुलना सोपी होते.

तात्पुरते पत्ते देणाऱ्या बऱ्याच सेवा आपल्या डोमेनवर येणारा कुठलाही मेल स्वीकारतात, @ च्या आधी काहीही लिहिलेलं असलं तरी. त्या नावाचं खातं कुणी उघडलेलं असतंच असं नाही. तुम्ही पान उघडता तेव्हा त्या नावाने आलेले मेल तुम्हाला दाखवले जातात, एवढंच. मुदत संपली की दाखवणं थांबतं, पण दार बऱ्याचदा उघडंच राहतं. म्हणून पाठवणाऱ्याला 'असा पत्ता नाही' हा परतीचा मेल मिळत नाही. त्याला वाटतं पोचलं, तुम्हाला वाटतं त्याने लिहिलंच नाही. दोघेही खरं बोलत असतात आणि रोपं दुसऱ्याच्या शेतात जातात.

मुदतीचा हिशेब सेवेनुसार बदलतो. टेन मिनिट मेलवर दहा मिनिटं मिळतात आणि संपायच्या आत बटण दाबून ती वाढवता येतात. गोरिला मेलवर आलेला मेल तासाभराने पुसला जातो. मेलिनेटरच्या मोफत भागात पेटी सार्वजनिक असते, म्हणजे ते नाव टाइप करणारा कुणीही आतला मेल वाचू शकतो. त्या पेटीला पासवर्ड नसतो. पीडीएफची लिंक कुणी पाहिली तर बिघडत नाही. बुकिंगची पावती, त्यावर नाव, गाव आणि आगाऊ दिलेली रक्कम, असं काही तिथे आलं तर मात्र ते गावच्या पारावर टांगल्यासारखं आहे. आणि त्या पत्त्यावर कुठे खातं उघडलं असेल, तर दुसरा कुणी 'पासवर्ड विसरलो' दाबून आलेली लिंक वापरेल आणि खातं त्याचं होईल.

दुसरा पर्याय घरचाच आहे. जीमेलमध्ये नावाला प्लस आणि एखादा शब्द जोडता येतो:

```
xxxx+keli@gmail.com
```

xxxx च्या जागी तुमचं नेहमीचं नाव. वेगळं काही उघडावं लागत नाही, मेल तुमच्याच पेटीत येतो, आणि उद्या जाहिरातींचा भडिमार सुरू झालाच तर या पत्त्यावर आलेलं सगळं थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावता येतो. उत्तर सहा महिन्यांनी आलं तरी मिळतं. उणिवा मात्र ठळक आहेत. प्लसच्या आधीचं नाव उघड दिसतं, ते वेगळं काढणं कुणालाही जमतं. काही फॉर्म प्लसचं चिन्ह स्वीकारतच नाहीत. शिवाय तुम्ही उत्तर दिलंत की ते साध्या मूळ पत्त्यावरून जातं. प्लसवाला पत्ता सेटिंगमध्ये पाठवण्यासाठी आधी जोडलेला असेल तरच तो दिसतो. म्हणजे यात लपणं नाही, फक्त वर्गवारी आहे.

तिसरा पर्याय टोपणपत्त्याचा. सिम्पललॉगिन, डकडकगो, फायरफॉक्स रिले यांसारख्या सेवा तुम्हाला एक वेगळा पत्ता देतात आणि त्यावर आलेला मेल तुमच्या खऱ्या पेटीत ढकलतात. तो मिनिटांवर मरत नाही. तुम्ही बंद करेपर्यंत चालतो. खरी गंमत उत्तरात आहे. मेल पुढे ढकलताना सेवा पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा एक मधला पत्ता घालते. तुम्ही नेहमीसारखं 'उत्तर द्या' दाबता, ते त्या मधल्या पत्त्यावर जातं आणि समोरच्याला तुमच्या टोपणपत्त्यावरून आल्यासारखं दिसतं.

इथेही घेण्याआधी तपासायच्या गोष्टी आहेत. फायरफॉक्स रिलेमध्ये उत्तर देण्याची सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, सिम्पललॉगिनच्या मोफत योजनेत उत्तर देता येतं पण टोपणपत्ते दहाच मिळतात. उत्तर सेवेत नोंदवलेल्या पेटीतूनच द्यावं लागतं, दुसऱ्या खात्यातून दिलं तर सहसा पुढे जात नाही. आणि मेलच्या खाली आपोआप येणारी सही आधी काढा. पत्ता झाकला आणि खाली नाव, गाव, मोबाइल तसाच गेला, असं मी दुकानात पाहिलंय.

तात्पुरत्या पत्त्यांना आणि टोपणपत्त्यांना एक अडचण सारखी आहे. तात्पुरत्या डोमेनच्या याद्या इंटरनेटवर मोकळ्या मिळतात, त्या पाहून अनेक संकेतस्थळं असे पत्ते नाकारतात. 'कृपया वैध ईमेल द्या' असं आलं आणि टाइप करण्यात चूक नसेल, तर बहुधा हेच कारण असतं. टोपणपत्तेही कधीकधी त्यात अडकतात, तरी माझ्या अनुभवात तात्पुरत्यांपेक्षा कमी.

मी स्वतः फॉर्म भरताना एकच प्रश्न विचारतो: सहा महिन्यांनी फोन केला तर पलीकडचा माणूस 'नोंदवलेला ईमेल सांगा' म्हणेल का? माहितीपुस्तिका किंवा नमुन्याचा फॉन्ट यांना कुणी असं विचारत नाही, तिथे दहा मिनिटांचा पत्ता बेलाशक द्या. सॉफ्टवेअरची चाचणी प्रत मात्र फसवी आहे. उतरवताना ती एकदाचं काम वाटते, पण पुढे विकत घेतली की परवान्याची किल्ली त्याच पत्त्यावर येते आणि संगणक बदलला की पुन्हा तोच विचारतात. तिथे मी पहिल्या दिवसापासून टोपणपत्ता देतो. परीक्षेचा किंवा सरकारी योजनेचा फॉर्म असेल तर यातलं काहीच नको, ज्याचा फॉर्म आहे त्याचा स्वतःचा खरा पत्ता. दुकानदाराचाही नको, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी त्याचं खातं उघडून देतो, मगच फॉर्म भरतो.

आणखी एक, फॉर्ममध्ये मोबाइल नंबर सक्तीचा असेल तर तात्पुरत्या ईमेलचा फायदा जवळजवळ संपतो. जाहिरात मग व्हॉट्सॲपवर येते.

भाच्याने त्या ताईंना फोनवरच नवा पत्ता सांगितला, `+keli` वाला. टोपणपत्ता मीच नको म्हटलं, कारण बुकिंगच्या पावतीवर त्याचं नाव येणारच होतं, मग लपवायचं काय? तेच उत्तर त्यांनी पुन्हा पाठवलं. सप्टेंबरअखेरच्या गाडीतली रोपं तोवर संपली होती, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली.