स्ट्रेंथ ८२, क्वालिटी ०: छत्रीच्या एका जॅकचा नऊ महिन्यांचा अनुभव

घर गुहागरला, खालच्या पाटात. मधे नारळाची वाडी आणि सुरूची झाडं, की लगेच समुद्र. डिशचं तोंड आग्नेयेला आणि पाठ समुद्राला, त्यामुळे खारा वारा थेट तोंडावर येत नाही, पण येतोच. लोखंडी खिळासुद्धा इथे दोन पावसाळे धड काढत नाही.

हा अनुभव डिशचा कमी आणि तिच्या केबलच्या टोकांना बसवलेल्या दाबाच्या एफ कनेक्टरचा (आमच्याकडे सगळे त्याला जॅकच म्हणतात) आणि त्यावरच्या रबरी टेपचा जास्त आहे. गेल्या ऑक्टोबरात बसवले, आता जुलै आहे. पण आधीची चूक सांगितल्याशिवाय कौतुकाला अर्थ नाही.

गेल्या वर्षी गणपतीत, घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना, निम्मे चॅनल गेले. निम्मेच. आईची मालिका गेली, बातम्या चालू. पडद्यावर सिग्नल नाही असं यायचं आणि मेनूत बघावं तर स्ट्रेंथ ८२! क्वालिटी मात्र शून्य. शृंगारतळीहून आलेला मुलगा वर चढला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "काका, एलएनबी गेलाय." एलएनबी म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडून केबलमधून खाली पाठवणारा छोटा डबा. साडेतीनशेचा नवा बसवला, सगळे चॅनल हजर. मी खूश, तोही खूश. जुना एलएनबी मी फेकला नाही. आमच्या घरात काहीच फेकत नाहीत.

कोजागिरीच्या सुमारास तेच चॅनल पुन्हा गेले. यावेळी गंमत अशी की रात्री दव पडलं की जायचे आणि दुपारी ऊन तापलं की कधीकधी परत यायचे. नवा एलएनबी महिना-सव्वा महिन्यात जाईल कसा, हे काही पटेना. भाच्याला घेऊन स्वतःच वर गेलो.

इथे थोडं समजून घ्यावं लागतं. स्ट्रेंथची पट्टी म्हणजे केबलमधून बॉक्सकडे किती जोर येतोय एवढंच. त्या जोरात आपला कार्यक्रम आहे की नुसती खरखर, हे तिला कळत नाही. एलएनबी स्वतःच थोडी खरखर तयार करून पाठवत असतो, म्हणून डिश आकाशात भलतीकडे वळवली तरी बऱ्याच बॉक्सवर ही पट्टी फारशी खाली येत नाही. कार्यक्रम ओळखू आला का, ते क्वालिटी सांगते. चित्र तिच्यावर अवलंबून.

आणि निम्मेच चॅनल का? उपग्रहावरून काही चॅनल उभ्या लहरींवर येतात, काही आडव्या. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पाठवतो. उभ्या लहरींचे चॅनल हवे असतील तर १३ व्होल्ट, आडव्यांचे हवे असतील तर १८. एलएनबी तेवढ्यावरून ठरवतो काय द्यायचं. वाटेत जॅक कळकला असेल तर तिथे व्होल्ट गळतात. बॉक्स १८ पाठवतो, वर १३-१४ पोचतात आणि एलएनबी इमानाने उभ्या लहरी पाठवत बसतो. जोर भरपूर, म्हणून स्ट्रेंथ ८२. मागितलेलं एक आणि आलेलं दुसरंच, म्हणून क्वालिटी शून्य.

हे मीटरवर पाहिलं. आडवा चॅनल लावून ठेवला. एलएनबीची केबल सोडून तिच्या टोकाला मोजलं तर १७.९, म्हणजे ठणठणीत. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण भार नसताना गंजलेला सांधासुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो. मग जुन्या जॅकला जोडणी नळी लावून केबलचा एक वीतभर तुकडा एलएनबीपर्यंत जोडला, तुकड्याच्या मधे थोडं सोलून एलएनबी चालू असताना मोजलं. १३.६. एलएनबी सव्वाशे मिलिअँपच्या आसपास ओढतो असं धरलं, तर सव्वाचार व्होल्ट गिळायला सांध्यात पस्तीस-एक ओहम अडथळा हवा. चांगल्या सांध्यात एक ओहमसुद्धा नसतो. (सोललेली तार आणि जाळी एकमेकींना चिकटू देऊ नका, आणि जॅक सोडता-लावताना बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करा. आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो.)

जॅक उघडला. मधली तार हिरवी-काळी, ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तशी. लोहचुंबक लावलं तर चिकटलं, म्हणजे आत लोखंड आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. मुलामा गेला की गंज. जाळीवर पांढरी भुकटी, ती ॲल्युमिनियमची. वरून काळी इन्सुलेशन टेप सात-आठ वेढे गुंडाळलेली आणि तिच्या आत पाणी! ती टेप पाणी थांबवत नाही, कोंडून ठेवते.

आता गणपतीतलं कोडं सुटलं. एलएनबी बदलताना त्या मुलाने जुनाच जॅक सोडून पुन्हा पिळून बसवला होता. पिळताना तार घासली गेली, महिना-सव्वा महिन्यापुरती चकाकी आली. श्रेय नव्या एलएनबीला.

दुरुस्ती अशी केली: केबल मागे मागे कापत गेलो, जाळी स्वच्छ चमकेपर्यंत. जवळजवळ दीड फूट गेली, कारण पाणी जाळीतून आत ओढलं जातं. पूर्ण तांब्याच्या तारेची नवी केबल घेणं उत्तम, पण मी तेवढा खर्च केला नाही. दोन्ही टोकांना दाबाचे जॅक, हत्याराने दाबलेले. हाताने पिळायचे नकोत. वर, ताणली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, खालून वर गुंडाळत नेलेली. एलएनबीजवळ केबलला खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे पाणी वळशाच्या तळाला जाऊन पागोळीसारखं गळतं, जॅककडे येत नाही. स्ट्रेंथ ८४, क्वालिटी ७६.

नऊ महिन्यांनी क्वालिटी ७४. मे महिन्यात मुद्दाम एक सांधा उघडून पाहिला. तार तांबूस होती, जॅकचं बाहेरचं कडं फक्त निस्तेज झालं होतं. रबरी टेप उन्हाने वरून भुरकट पडली आहे, दर दोन वर्षांनी बदलावी लागेल असं दिसतं. तक्रार एकच: दाबायचं हत्यार दोन जॅकसाठी महाग पडतं. आम्ही आळीत चौघांनी मिळून घेतलं. मुसळधार पावसात चित्र अजूनही जातं, क्वालिटी विशीत येते. त्याला जॅक काही करू शकत नाही, सर ओसरली की आपोआप परत येतं.

एलएनबी खरोखर जातो तेव्हा काय होतं, तेही जूनमध्ये शेजारच्या काकांकडे दिसलं. स्ट्रेंथ ७८, पण झाडून सगळे चॅनल बंद, भर उन्हातसुद्धा. भारावरही व्होल्ट बरोबर. मग बॉक्स आणि छोटा टीव्ही गच्चीवर नेऊन दीड मीटरच्या नव्या केबलने थेट जोडला, तरी क्वालिटी शून्य. तोच बॉक्स आमच्या डिशवर नीट चालला आणि त्यांची डिश हलल्याची खूण नव्हती. म्हणजे उरला एलएनबीच. त्याच्या तोंडावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला उन्हाने बारीक तडा गेला होता, आत पाण्याचे थेंब स्पष्ट दिसत होते.

कपाटातून माझा "गेलेला" एलएनबी काढून त्यांना लावला. क्वालिटी ७१, आणि आजही चालू आहे.